राज्यसेवा लेखी झाली, हात मात्र गोळे रंगवण्यातच बसलेला! रोजच्या पंधरा मिनिटांचा हिशेब

दिग्रस : आपल्या तालुक्यातली बरीच पोरं-पोरी अभ्यासिकेत सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. पुस्तकं वाचून झालेली, चालू घडामोडी तोंडपाठ. पण राज्यसेवा मुख्य परीक्षेचा जुना पेपर समोर ठेवून तीन तास लिहायला सांगितलं, की दोन तासांत बोटं आखडतात. अक्षर उतरंडीला लागतं आणि शेवटचे दोन-तीन प्रश्न कोरे राहतात. "काका, येते मले सगळं, पण लिहिता लिहिता टाईमच संपून जाते," असं एक पोरगी परवा म्हणाली. हे रडगाणं आता घरोघरी ऐकू येणार आहे. त्यामागचं कारण आणि त्यावरचा उपाय आज नीट समजून घेऊ.

नेमकं बदललं काय?

जून 2022 मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने जाहीर केलं, की राज्यसेवेची मुख्य परीक्षा यूपीएससीसारखी वर्णनात्मक होणार. आधी ती 2023 पासून लागू होणार होती. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आंदोलन पेटलं आणि फेब्रुवारी 2023 मध्ये आयोगाने नवी पद्धत 2025 पासून लागू करण्याचं जाहीर केलं. ती मुदत आता संपली आहे.

जुन्या पद्धतीत सामान्य अध्ययनाचे चारही पेपर पर्यायी होते. चारातलं एक उत्तर निवडायचं आणि गोळा रंगवायचा. भाषेचा एक पेपर तेवढा हाताने लिहायचा. नव्या पद्धतीत एकूण नऊ पेपर आहेत. मराठी आणि इंग्रजी हे दोन पेपर पात्रतेपुरते, त्यात किमान 25 टक्के लागतात. उरलेले सात पेपर प्रत्येकी 250 गुणांचे, म्हणजे 1750 गुण. त्यात निबंध आला, सामान्य अध्ययनाचे चार आले आणि वैकल्पिक विषयाचे दोन आले. एकेक पेपर तीन तासांचा. नऊ पेपरांचे मिळून सत्तावीस तास हाताने लिहायचं आहे.

ज्याने बारावीनंतर चार-पाच वर्षं फक्त गोळे रंगवले, त्याच्या हातात हे बळ कुठून येणार? पाच वर्षं पडीक पडलेल्या वावरात एकदम कपाशी टोबली तर काय पीक येते, ते आपल्याला सांगायला नको.

वेळेचं गणित

आयोगाने ज्या यूपीएससीचा नमुना घेतला, तिथला सामान्य अध्ययनाचा पेपर पाहा. वीस प्रश्न असतात. दहा प्रश्न दहा गुणांचे, त्यांची शब्दमर्यादा 150. उरलेले दहा पंधरा गुणांचे, त्यांची मर्यादा 250. सगळी मर्यादा पूर्ण भरायची म्हटलं तर चार हजार शब्द होतात आणि हातात मिनिटं 180. म्हणजे मिनिटाला बावीस शब्द, तेही विचार करायला एक सेकंद न थांबता.

मराठीत लिहिणाऱ्याने या आकड्याला घाबरू नये. एक तर मर्यादा म्हणजे वरची हद्द आहे, तेवढं भरलंच पाहिजे असं नाही. दुसरं, मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतो. इंग्रजीत जिथे दोन-तीन शब्द लागतात तिथे आपलं 'जिल्ह्यातल्या' एका शब्दात भागते. म्हणून इंग्रजी माध्यमाच्या पोराच्या वेगाशी आपला वेग लावू नका. साधा हिशेब धरा. दहा गुणांच्या उत्तराला 110 शब्द आणि पंधरा गुणांच्या उत्तराला 190 शब्द लिहिले तर वीसही प्रश्न तीन हजार शब्दांत होतात. सरासरी मिनिटाला सतरा शब्द. वेळ वाटायची तर लहान प्रश्नाला सात मिनिटं आणि मोठ्याला अकरा. सत्तर आणि एकशे दहा मिळून बरोबर एकशे ऐंशी.

आधी मोजा, मग इलाज करा

अनेक जण थेट 'अक्षर सुधारा' वह्या आणून गिरवत बसतात. त्याआधी अडचण हातात आहे की डोक्यात, हे पाहायला पाहिजे. त्यासाठी पाच-पाच मिनिटांच्या दोन चाचण्या पुरतात.

पहिली चाचणी नकलेची. समोर पुस्तकातला ओळखीचा उतारा ठेवायचा, मोबाईलवर पाच मिनिटांचा टायमर लावायचा आणि वाचता येईल अशा अक्षरात जमेल तेवढं जलद उतरवायचं. दुसरी चाचणी मनातून लिहिण्याची. तुम्हाला चांगला येतो असा विषय घ्या, पाच मिनिटं न थांबता लिहा. शब्द मोजताना एकेक मोजत बसू नका. मधल्या पाच ओळींतले शब्द मोजून सरासरी काढा आणि ओळींच्या संख्येने गुणा.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. नक्कल मिनिटाला पंचवीस आणि मनातलं बाराच असेल, तर हात तयार आहे, मुद्दे आठवत नाहीत. अशा पोराने हस्ताक्षराच्या मागे लागून वेळ घालवू नये, उत्तराचे मुद्दे काढण्याचा सराव करावा. पण नक्कलच एकोणीस आणि मनातलं सोळा असेल, म्हणजे दोन्ही आकडे जवळजवळ असतील, तर डोकं पुढे पळते आणि हात मागे राहतो. पुढचा सगळा मजकूर या दुसऱ्या पोरासाठी आहे.

ही वेगवेगळं मोजायची पद्धत माझ्या मनची नाही. इंग्लंडमध्ये मुलांचा लिहिण्याचा वेग तपासायची डॅश नावाची चाचणी आहे. त्यातही एकदा सुवाच्य नक्कल, एकदा जलद नक्कल आणि एकदा दहा मिनिटं मनातून लेखन असं वेगळं मोजतात. त्या चाचणीचे आकडे इंग्रजी लिपीचे, ते आपल्याला लागू नाहीत. पद्धत मात्र घेण्यासारखी आहे.

पंधरा मिनिटांचा सराव कसा करायचा

रोज पंधरा मिनिटं पुरतात. पण ती रोजच पाहिजेत. रविवारी एकदम दोन तास लिहून आठवडाभर सुटी, याने हाताला वळण लागत नाही. वेळ शक्यतो सकाळची ठेवा. दिवसभर कापूस वेचल्यावर किंवा सोयाबीन सोंगल्यावर बोटं आधीच आखडलेली असतात. तेव्हा मोजलेला वेग खोटा येतो आणि मनही खचते.

पहिली तीन मिनिटं सावकाश लिहायची. आदल्या दिवशी जे शब्द वाचता आले नाहीत, तेच शब्द नीट काढायचे. इथे वेगाचं नाव घ्यायचं नाही.

नंतरची पाच मिनिटं जलद नकलेची. उतारा आठवडाभर एकच ठेवा. रोज नवा उतारा घेतला तर वाचण्यातच वेळ जातो आणि हाताचा खरा वेग कळत नाही.

शेवटची सात मिनिटं एका दहा गुणांच्या उत्तराची. पहिलं मिनिट कोपऱ्यात चार-पाच मुद्दे टाकायला, उरलेली सहा मिनिटं लिहायला. टायमर वाजला की पेन खाली. वाक्य अर्धं राहिलं तरी पुरं करायचं नाही, नाहीतर सात मिनिटांची लांबी हाताला कधीच कळणार नाही.

यानंतर तपासणी, आणि खरं काम इथेच आहे. आपलं अक्षर आपल्याला नेहमीच वाचता येते, कारण आपण काय लिहिलं ते आपल्याला माहीत असते. म्हणून ते पान घरातल्या दुसऱ्याला मोठ्याने वाचायला द्या. आठवी-नववीतला भाऊही चालतो. तो जिथे अडखळला, त्या शब्दाला गोल करा. शंभर शब्दांत गोल किती, ते वहीच्या मागे लिहा. तीनपेक्षा जास्त गोल असतील तर दुसऱ्या दिवशी वेग वाढवायचा नाही. गोल तीन किंवा कमी, असं सलग चार दिवस आलं तरच मिनिटाला एक शब्द वाढवायचा. घाईने वेग वाढवला की अक्षर बिघडते, आणि बिघडलेलं अक्षर रोज लिहून तेच पक्कं होते.

देवनागरीचे खाचखळगे

सुंदर अक्षर आणि वाचता येणारं अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणाऱ्याला मोत्याचे दाणे नको असतात, त्याला अडायचं नसते. घाईत लिहिताना मराठी अक्षरं बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

सगळ्यात मोठा प्रश्न वरच्या रेघेचा, म्हणजे शिरोरेषेचा. प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ ओढली तर पेन सारखं उचलावं लागते आणि वेळ जातो. पूर्ण ओळीवर एकच रेघ ओढली तर शब्द एकमेकांत मिसळतात. मधला मार्ग असा, की पूर्ण शब्द लिहायचा आणि मग त्यावर एका झटक्यात एक रेघ मारायची. काही जण वेगासाठी रेघच सोडतात. पण रेघेवरच काही अक्षरांची ओळख अवलंबून आहे. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध', 'य' आणि 'थ' या जोड्या पाहा. भ, ध, थ यांच्या डोक्यावर रेघ तुटलेली असते. रेघच नसली तर त्यांची सुरुवातीची गाठ स्पष्ट काढावी लागते, नाहीतर 'धन' आणि 'घन' सारखेच दिसतात. ज्याला रेघ सोडायचीच आहे, त्याने ही गाठ पक्की करावी आणि दोन शब्दांत एका अक्षराएवढी जागा ठेवावी. मराठी भाषेच्या पेपरात मात्र रेघ सोडूच नये.

दुसरी जागा 'ख' ची. खालचा जोड सुटला की 'ख' चा 'रव' होतो. तिसरी जागा मात्रा, अनुस्वार आणि रफार. शब्द लिहून झाल्यावर हे घाईत टाकले की एक अक्षर पुढे सरकतात. चौथी जागा शब्दाचं शेपूट. 'करण्यासाठी' लिहिताना शेवटचं 'साठी' नुसती वळवळ होऊन बसते. या चारपैकी तुमची जागा कोणती, ते आठवडाभरातले गोलच सांगतील. एका वेळी एकच जागा दुरुस्त करा.

वेगासाठी रेघेशी झगडणारी आपली पहिली पिढी नाही. आपले जुने कारकून मोडी लिहायचे. त्यात ओळीची रेघ आधीच ओढून ठेवायची आणि खाली अक्षरं शक्य तितकं न उचलता लिहीत जायचं. काम जलद व्हायचं, पण आज ते कागद वाचायला जाणकार शोधावा लागतो. वाचणाऱ्याला त्या वळणाची सवय नसेल तर जलद लिहिलेलं काय कामाचं, हे सात-बाराचे जुने कागद घेऊन फिरणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे.

एका पोरीचा दहा आठवड्यांचा हिशेब

वर जिचं बोलणं दिलं, त्या पोरीने हा सराव दहा आठवडे केला. तिची वही मी पाहिली. नाव देत नाही.

पहिल्या दिवशी नकलेचा वेग मिनिटाला 19 शब्द, मनातून 16. शंभर शब्दांत गोल नऊ. पहिल्या रविवारी तिने पूर्ण तीन तासांचा पेपर लिहिला. दर अर्ध्या तासाला समासात एक आडवी खूण केली. मग प्रत्येक खुणेपर्यंतचे शब्द मोजले. पहिल्या अर्ध्या तासात 480 शब्द. मग 460, 430, 390, 340 आणि शेवटच्या अर्ध्या तासात 290. एकूण 2390. वर सांगितलेल्या हिशेबाने दहा लहान आणि जेमतेम सात मोठे प्रश्न झाले. तीन मोठे कोरे राहिले, म्हणजे 45 गुणांना हातच लागला नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिने एकदम वेग वाढवला. उत्तर लिहिण्याचा वेग 20 वर गेला, पण गोल अकरा झाले. भावाला निम्मं पान वाचता येईना. तिने परत मागे येऊन सोळावर सुरुवात केली. सातव्या आठवड्यापासून गोल तीनच्या आसपास राहिले.

दहाव्या रविवारचा पेपर असा : 540, 530, 520, 500, 480 आणि 450. एकूण 3020. आता वीसही प्रश्न बसतात. पण आकडे नीट पाहा. सुरुवातीच्या अर्ध्या तासात फक्त 60 शब्द वाढले. शेवटच्या अर्ध्या तासात 160 वाढले. एकूण 630 शब्दांच्या वाढीतले 300 शब्द शेवटच्या एका तासाचे आहेत. तिचा हात फार जलद झाला असं नाही, तो दमायचा कमी झाला. लांब पेपरचा निकाल पहिल्या तासातल्या धावण्यावर ठरत नाही, शेवटच्या तासातल्या घसरणीवर ठरतो.

हात दमतो कशाने?

दाबाने. आपण पेन गरजेपेक्षा जास्त आवळतो आणि कागदावर जास्त दाबतो. ओळखायची खूण सोपी आहे. लिहिलेलं पान उलटं करा आणि मागून बोट फिरवा. उठाव जाणवला तर दाब जास्त आहे. लिहिताना अंगठ्याचं किंवा पहिल्या बोटाचं नख पांढरं पडत असेल, तर पकड घट्ट आहे. या पोरीच्या वहीत पहिल्या आठवड्यात मागच्या दोन पानांवर ठसे उमटले होते.

उपाय असा. कमी दाबाने शाई देणारं पेन घ्या. फार बारीक पेन नको, ते आपोआप आवळलं जाते. कागदाखाली दोन-तीन पानांची गादी ठेवा. पूर्ण हात टेबलावर टेका आणि ओळ पुढे जाईल तसा कोपरापासूनचा हात सरकवा, नुसतं मनगट वळवू नका. मांडीवर वही ठेवून किंवा खाटेवर पडून सराव करू नका, परीक्षेत बाक असतो. जेल पेन हलकं चालते, पण घामाच्या हाताने शाई फासते आणि पातळ कागदावर मागे दिसते. उन्हाळ्यात परीक्षा असेल तर हे आधी तपासून घ्या. जे पेन ठरेल त्याचे तीन-चार नग आणून ठेवा. शेवटच्या आठवड्यात पेन बदलायचं नाही.

या सरावाने काय होत नाही

पंधरा मिनिटांच्या सरावाने पकड सुधारते, अक्षराचं वळण बसते आणि हात आपोआप चालू लागतो. हात आपोआप चालला की लक्ष मुद्द्यांकडे देता येते. अमेरिकेत स्टीव्ह ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या कच्च्या मुलांवर प्रयोग केला, तो 2000 साली छापून आला. थोडा थोडा नियमित अक्षरसराव दिल्यावर मुलांचं नुसतं अक्षर सुधारलं नाही, मनातून लिहिणंही सोपं झालं. पण ती लहान मुलं होती. वाढलेल्या हाताचं जुनं वळण सुटायला वेळ लागतो, म्हणून परीक्षेच्या पंधरा दिवस आधी हे सुरू करून फायदा नाही. दोन-अडीच महिने धरा.

दुसरी मर्यादा दमाची. फक्त पंधरा मिनिटं लिहून तीन तासांचा दम येत नाही. आठवड्यातून एकदा लांब बैठक पाहिजेच. सुरुवातीला एक तास, मग दोन आणि शेवटचे चार-पाच आठवडे पूर्ण तीन तास. वर सांगितलेल्या पोरीने पहिला पूर्ण पेपर नुसता मोजण्यासाठी लिहिला होता, नंतर तीही एका तासापासून चढत गेली.

तिसरी गोष्ट दुखण्याची. नुसता थकवा असेल तर रात्रीच्या झोपेने जातो. मनगट सुजत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा सकाळीही दुखत असेल, तर सराव थांबवून डॉक्टरला दाखवा. ज्यांच्या हाताला कायमचं अपंगत्व आहे किंवा ज्यांना लेखन-अक्षमता आहे, त्यांना 'अजून घोट' म्हणून उपयोग नाही. दिव्यांगांसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये लेखनिकाची आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळेची तरतूद आहे. त्याचे कागदपत्र अर्ज भरतानाच जोडावे लागतात, परीक्षेच्या दिवशी सांगून चालत नाही.

दहावी-बारावीच्या घरांसाठी

हेच गणित बोर्डाच्या पोरांनाही लागू आहे. 2023 पासून राज्य मंडळ पेपरच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून देते. अकराचा तीन तासांचा पेपर दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो. पण शेवटच्या अर्ध्या तासात ज्याचा हात मिनिटाला दहा शब्दांवर आला, त्याला त्या दहा मिनिटांत शंभर शब्दच मिळतात. हात न दमलेल्याला तेवढ्याच वेळात दीडशे.

दिवाळीनंतर कापूस घरात येतो आणि घरातली माणसं कामात गुंततात. तरी पोराचं एक पान रोज मोठ्याने वाचून दाखवायला पाच मिनिटं लागतात. ज्या आई-बापाला अक्षरओळख आहे, त्यांना हे करता येईल. अडखळलात तिथे गोल करा आणि वहीच्या मागे आकडा लिहा. महिन्याने तोच आकडा पुन्हा पाहा.